एकशेवीस पूर्णांक चार

औषधाच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं बारीक, आणि टोचल्याशिवाय राहायची नाही! तपासणी विभागात तिची बावीस वर्षं गेली होती.

बाटल्या वाफेनं निर्जंतुक करणारं नवं यंत्र आलं आणि त्याच्या चाचणीचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमावली, लिहायचं काम तिच्याकडे आलं. आधी नियम लिहायचे, त्यावर सह्या घ्यायच्या आणि मगच यंत्राला हात लावायचा, ही तिची रीत. तिनं लिहिलं: आतले सोळाही सेन्सर वीस मिनिटं एकशे एकवीस ते एकशे चोवीस अंशांत हवेत. मुद्दाम जंतू लावून आत ठेवलेल्या चाचणीच्या पट्ट्यांवरचा एकही जंतू जगता कामा नये. असं लागोपाठ तीन फेऱ्यांत झालं पाहिजे.

उत्पादनप्रमुख वाचता वाचता अडखळले. "निकष चुकला, तर निर्णय गुणवत्ताप्रमुखांचा? माझा का नाही?"

"साहेब, घाई तुम्हाला आहे. घाई असलेल्यानं पंच होऊ नये."

साहेबांनी नाक मुरडलं, पण सही केली.

पहिल्या फेरीत तापमान झकास राहिलं. दुसरीत खालच्या कोपऱ्यातला नववा सेन्सर एकशेवीस पूर्णांक चारवर रेंगाळला. टाचणीबाईंनी फेऱ्या थांबवल्या आणि डेव्हिएशनचा, म्हणजे निकष चुकल्याच्या नोंदीचा, कागद भरायला घेतला.

साहेब धावत आले. "अहो, पंधरा पास आहेत! निकष एकशेवीस करून टाका. एका ओळीचं काम."

"निकाल पाहून निकष बदलायचा? मग उद्या मुलांच्या परीक्षेतही तसंच करू."

"पुढच्या सोमवारी उत्पादन सुरू करायचंय. नाही झालं, तर तुमची बदली भांडारात. खोकी मोजत बसाल!"

"मोजेन. पण बरोबर मोजेन."

कागद गुणवत्ताप्रमुखांकडे गेला. कारण सापडेपर्यंत यंत्र बंद, असा शेरा त्यांनी मारला. आधी सेन्सर तपासला. तो चोख निघाला. म्हणजे खोट यंत्रातच. मग यंत्र चालवणाऱ्याला हाताशी घेऊन बाईंनी खालच्या निचऱ्याची जाळी उघडायला लावली. आत काय? यंत्र ज्यात गुंडाळून आलं होतं, त्या प्लॅस्टिकचा पंज्याएवढा तुकडा! पहिल्या फेरीत तो कडेला असावा; दुसरीत सरकून त्यानं निचरा अडवला. आतली हवा बाहेर पडत नव्हती, म्हणून वाफ कोपऱ्यात पोहोचत नव्हती. बसवणाऱ्यांनी जाळी उघडून पाहिलीच नव्हती.

"त्या कोपऱ्यातल्या बाटल्यांतलं औषध जंतूंसकट कुणाच्या तरी शिरेत गेलं असतं," गुणवत्ताप्रमुख हळूच म्हणाले.

जाळी साफ झाली. बसवणाऱ्यांच्या तपासणीयादीत 'जाळी उघडून पाहणे' ही ओळ वाढली. गुणवत्ताप्रमुखांच्या मंजुरीनंतर तीन फेऱ्या पहिल्यापासून घेतल्या. आधीची चांगली फेरी बाईंनी मोजलीच नाही. पट्ट्यांच्या निकालासाठी सात दिवस थांबावं लागलं. सोमवार आला आणि गेला. साहेब घड्याळाकडे पाहून सुस्कारे सोडत राहिले. शेवटी तिन्ही फेऱ्या पास!

अहवाल बांधताना साहेब गोड आवाजात म्हणाले, "बाई, आता सगळं छान झालंय. ते नापास पान काढून टाका ना."

बाईंनी ते पान सर्वांत वर लावलं, त्याखाली कारण, त्याखाली उपाय.

"आधी हेच वाचा," त्या म्हणाल्या आणि सहीसाठी पेन त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "आणि भांडाराची किल्ली मागवायची असेल, तर तीही मागवा."

साहेबांनी किल्ली मागवली नाही. पेन उचललं.