स्टँडवरून काढलेला फोटो

गल्लीतली पोरं त्यांना ‘हलू नका काका’ म्हणत. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ‘हलू नका’ हेच दोन शब्द ऐकवले होते. बायको मात्र कॅमेऱ्यापुढे कधी टिकली नाही. सगळ्या जगाला गप्प बसवलंत, मला नाही जमायचं, म्हणत ती हसत आत पळायची. लग्नाच्या फोटोतही तिची मान खालीच.

आजारपणात एका दुपारी ती आपणहून म्हणाली, काढा एकदाचा. उजेडाने तिचे डोळे दुखत, म्हणून पडदे ओढलेले. फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. काकांनी फोनचा नाइट मोड लावला. काकांनी काढलेला तिचा तो एकच फोटो.

ती गेल्यावर महिन्याभराने काका फोन घेऊन भाचीकडे गेले. भाची एका कंपनीत फोनचे कॅमेरे तपासायची. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. त्यात उशीच्या अभ्र्याची वीण दिसत होती, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचता येत होती. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

भाचीने समजावलं. अंधारात फोन एक फोटो काढत नाही, एकामागून एक बरेच काढतो आणि जुळवून त्यांचा एक करतो. उशी, बाटली हलत नाहीत, म्हणून त्या एकमेकांवर नेमक्या बसतात आणि अंधारात फोटोवर उठणारे दाणे पुसले जातात. माणूस हललं की त्याचा मेळ बसत नाही.

“मग त्यातला एखादा सुटा काढून दे. एक तरी बरा असेल.”

सुटे फोटो फोन ठेवत नाही, भाची म्हणाली. शिवाय या फोटोत प्रत्येक सुट्यातच चेहरा विस्कटला असणार.

“असं कसं? फोन जराही हलला नव्हता. माझा हात थरथरतो, म्हणून मुद्दाम स्टँडवर लावला होता.”

भाचीने नजर चुकवली. काकांचा जन्म चेहरे बघण्यात गेला होता. त्यांना कळायचं ते कळलं.

“सांग, पोरी.”

“फोनला तो स्थिर आहे हे कळतं, मामा. मग तो प्रत्येक फोटोला जास्त वेळ घेतो. तेवढ्यात मामी हलली असणार.”

“आणि हातात धरला असता तर?”

“तर वेळ कमी घेतला असता. फोटो खरखरीत आला असता. पण मामी ओळखू आली असती, बहुतेक.”

काकांनी फोन खिशात ठेवला. चहा नको म्हणाले.

घरी पलंगासमोर स्टँड अजून तसाच उभा होता. त्या दुपारी ती म्हणाली होती, “अहो, तो खांब कशाला मधे? हातात घ्या नि जवळ या.” फोटो बिघडेल म्हणून काका जवळ गेले नव्हते. स्टँडमागूनच म्हणाले होते, “हलू नकोस.”

आणि जन्मभराची सवय, तिला हसू आलं होतं.