माळावरचे सहा ठिपके

लांब ढांगांमुळे त्याला सगळे बगळा म्हणत. एकोणीस वर्षं तो पीकपाहणीसाठी शेतं तुडवत होता. यंदा डावा गुडघा कुरकुरत होता, आणि साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "साठ ठिकाणं, शनिवारपर्यंत. नाही जमलं तर पुढच्या हंगामाला दुसरा माणूस."

कचेरीतल्या नकाशेवालीनं टेबलावर नकाशा पसरला. उपग्रहाच्या चित्रावरून पिकं ओळखली होती. ती ओळख खरी की खोटी, हे बगळ्यानं नकाशावरच्या साठ ठिपक्यांच्या जागी उभं राहून सांगायचं.

त्यानं चष्मा चढवला. कालव्याच्या पट्ट्यात ठिपकेच ठिपके, विहिरींच्या पट्ट्यात पुरेसे, वरच्या माळावर एकही नाही. माळ म्हणजे दीड तासाची चढण. गुडघा म्हणाला, गप्प बस.

बगळा गप्प बसला. चहा संपेपर्यंत.

"ताई, माळाला ठिपके नाहीत?"

तिनं वाकून पाहिलं. "अगंबाई! तिन्ही पट्टे एकत्र धरून सोडत काढली मी. माळ शंभरात पाच भाग. त्याच्या वाट्याला काही आलंच नाही."

"म्हणजे घरभर सगळ्यांना विचारलं, कोपऱ्यातली म्हातारी तेवढी राहिली."

तिनं प्रत्येक पट्ट्याची सोडत वेगळी काढली. क्षेत्रफळाप्रमाणे माळाला तीनच ठिपके येत होते. तेवढ्यानं काय कळणार, म्हणून तिनं सहा दिले. ठिपके वाढले तरी शेवटच्या हिशेबात माळाचं वजन पाच भागांइतकंच राहणार होतं. ठिपके बांधापासून वीस मीटर आत. मोबाइलनं जागा थोडी चुकीची दाखवली तरी पाय शेजारच्या शेतात पडायला नको.

"एक-दोन वाटेकडेला टाक ना."

"मी नाही टाकत काका, यंत्र टाकतं. वाटेकडेचंच पाहिलं तर वाटेकडेचंच कळेल."

"आणि पोचताच आलं नाही तर?"

"माळाच्याच राखीव यादीतला पुढचा. जवळचं शेत चालणार नाही."

घरी बायकोनं गुडघ्याला तेल लावता लावता सुनावलं, "आ बैल मुझे मार! कुणी विचारलं होतं?"

जड ओझं आधी उचलावं. बगळा सोमवारीच माळावर चढला. सहावा ठिपका पार टोकाला होता. खालून शेत हिरवंगार दिसत होतं, नकाशा म्हणत होता हरभरा. शेतात उभं राहिल्यावर कळलं, नुसतं तण. सहांपैकी चार ठिकाणी तेच. त्यानं फोटो काढले, दिसलं ते लिहिलं.

मग पाच दिवस लंगडत खालची चोपन्न ठिकाणं. शनिवारी कचेरी बंद होता होता त्यानं साठावा फॉर्म ठेवला.

साहेबांनी माळाचे फॉर्म दोनदा चाळले. "हा सगळा हरभरा आपण वर कळवणार होतो." मग नकाशेवालीला म्हणाले, "पुढच्या वेळी माळावर बारा ठिपके टाका."

"बारा?" बगळा खुर्चीत टेकला. "आणि चढणार कोण?"

"तूच. दोन दिवस जास्त घे."