भरतला न पाठवलेलं पत्र

ही गोष्ट मी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धी सांगितली आहे. उरलेली अर्धी कुणालाच नाही. तुम्हाला सगळी सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि समोर बसून चहा पिणार नाही.

आधी एक सांगते. मी भित्री नाही. केडगावात एक मंगल कार्यालय आहे, त्याची व्यवस्था मी बघते. मानपानावरून हमरीतुमरीवर आलेली वऱ्हाडं मी शांत केली आहेत. डीजे वेळेत बंद करायला लावलाय, तोही नवरदेवाच्या मामांसमोर. माझा आवाज चढला की आचारीसुद्धा झारा खाली ठेवतो. स्वतः लग्न केलं नाही, त्याबद्दल कुणी विचारलं तर मी हसून सांगते, रोज एक लागतं, अजून किती लावू? लोक हसतात. विषय संपतो.

भरत आणि मी राहुरीला शेतकी शिकत होतो. तो पाथर्डीकडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर घराला कुलूप. आमचं पुणतांब्याला, गोदावरीकाठी, पाण्याखालचं रान, ऊस. म्हणजे कळलं ना? त्याच्यासारख्यांचे आईबाप आमच्यासारख्यांच्या बांधावर पाचटाच्या कोप्या घालून राहतात. जात एकच होती. अंतर तेवढंच होतं — पण होतं.

सहा-सात वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. मग मोडायलाही दोनेक वर्षं लागली. झटक्यात मोडलं असतं तर बरं झालं असतं. तो विचारायचा, घरी बोललीस का? मी म्हणायची, बोलले, अण्णा ऐकत नाहीत, थोडं थांब. तो थांबायचा. भांडायचो, नंबर ब्लॉक करायचो, पुन्हा उघडायचो. एकदा तो सरळ घरी आला. निघताना त्याने फोन केला तेव्हाच मी बजावलं होतं, आज विषय काढू नकोस, अण्णांना बीपीचा त्रास आहे. अण्णांनी त्याला रान दाखवलं, ठिबकवर दोघं तासभर बोलले. तो गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कोन पोरगा हा?" मी म्हटलं, वर्गातला आहे, इकडे काही काम होतं. त्याला मात्र संध्याकाळी फोनवर सांगितलं की तू गेल्यावर अण्णा भडकले, कोयतेवाल्याच्या घरात मुलगी देणार नाही म्हणाले.  त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

त्याचं लग्न झालं. राहुरीजवळ त्याने भाजीपाल्याची रोपवाटिका टाकली, चांगली चालते. आणि मी? काम करत राहिले, पण त्याचं नाव फोनमध्ये दिसलं की मी फोन पालथा ठेवायची. इतक्या वर्षांनीही. शेवटी नगरला एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं, त्याला पत्र लिहा. पाठवायचं नाही. हाताने लिहायचं, एका बैठकीत, खाडाखोड न करता, जे येईल ते. राग आला तर राग, शिवी आली तर शिवी. शेवटी त्याचा निरोप घ्यायचा, त्याच्याकडून काही मागायचं नाही. मग काही दिवस बाजूला ठेवायचं.

लिहिलं. पानंच्या पानं. हात दुखला, रडले, हलकं वाटलं. तुला माझ्यासाठी लढता आलं नाही, तू किती पटकन दुसरी केलीस, तुला माझी किंमत नव्हती. वाचताना स्वतःच स्वतःला पटत होतं. म्हटलं, झालं, सुटले.

पण बाईंनी पुढचं काम दिलं. पत्र मोठ्याने वाचा. दुसऱ्याने काय केलं असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे समासात लिहा, तेव्हा मी काय केलं. दुसरं काही नाही, एवढंच.

रविवारी लग्नतिथी नव्हती. कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये बसले, रचून ठेवलेल्या खुर्च्यांसमोर वाचायला लागले. समास भरत गेला. काही ठिकाणी माझीच बाजू खरी निघाली, ते बरं वाटलं. मग ते वाक्य आलं — अण्णांनी नाही म्हटलं. तेव्हा मी काय केलं?

पेन थांबलं. मी अण्णांना विचारलंच नव्हतं. एकदाही नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण विचार करा — जे पत्र कुणीच वाचणार नव्हतं, त्यातही मी खोटं लिहिलं होतं. कुणासाठी? समासात खरं लिहिलं, मी विचारलं नाही. बाईंची प्रत्येक उत्तराला का विचारायची सवय एव्हाना अंगात मुरली होती, त्याच्याखाली आपसूक लिहिलं, का? आणि हाताने जे लिहिलं ते वाचून मी खुर्चीवरून उठले.

मला भीती होती, अण्णा हो म्हणतील.

होय. अण्णांची नाही, त्यांच्या होकाराची. अण्णांनी हो म्हटलं असतं तर माझ्या लग्नात भरतची आई आली असती, कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांनी माझी ओटी भरली असती, आणि आमच्या बांधावर तोडीला आलेल्या बायकांनी तिला आपल्यातली म्हणून नावाने हाक मारली असती. मला ते नको होतं. प्रेम हवं होतं, ती सासू नको होती. नकार माझा होता. कोयतेवाला हा शब्दही माझाच होता, अण्णांच्या तोंडी मी घातला. इतकं स्वच्छ मी कधी लिहिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात पुणतांब्याला गेले. अण्णा ओसरीवर कांदे निवडत होते. बोलता बोलता म्हणाले, राहुरीहून टोमॅटोची रोपं आणली. "तुझ्या वर्गातला त्यो भरत. रोपं लई चांगली देतो, पन मला वळख देत न्हाई. दर वर्साला जातो मी. पोराला माझा काय राग हाय, कळत न्हाई."

मग मी सांगितलं. आमचं होतं म्हणून, आणि मी तुमच्या नावावर त्याला नाही म्हटलं म्हणून. कोयतेवाला हा शब्दही सांगितला.

अण्णांचे हात थांबले. "कोयत्यावरनं? त्याच्या आईसारख्यांच्या हातची भाकर खाल्ली हाय मी. आपल्याच फडात." हातातला कांदा खाली ठेवून म्हणाले, "मला इचारायचं तरी."

मी म्हटलं, भीती वाटली.

खरं तर वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढचं माझ्या समासात लिहिलेलं होतं, तोंडपाठ होतं. आचाऱ्यांना, मामांना, भर मांडवात बोलणारी मी — माझ्याच्याने ते निघालं नाही.

अण्णांनी निवडलेले कांदे बाजूला सारले. मग हळूच म्हणाले, "येवढा कडक हुतो व्हय गं मी?"

मी मान खाली घातली. नाही म्हटलं नाही.

पत्र कपाटात आहे, समासासकट. भरतला पाठवणार नाही. पाठवायचं नसतंच ते, आणि हा नियम मला फार सोयीचा पडला. परवा अण्णांचा फोन आला होता, मिरचीची रोपं आणायला राहुरीला, भरतकडे, चाललोय म्हणाले. त्याला काय सांगणार, ते मी विचारलं नाही.