चौथं कलम

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ पितांबर मास्तर गुजराती कागद लोकांना वाचून दाखवायचे. १९६३ साली शिवणकाम करणारी दगूबाई भाडेकराराची नक्कल घेऊन आली. मूळ कागद खोलीमालकाने सुरतेला ठेवला होता.

मास्तरांनी एकेक कलम अहिराणीत सांगितलं. तिसऱ्यात छपराची दुरुस्ती भाडेकरूवर होती. चौथ्यावर ते चिडले. मालक म्हणेल तेव्हा, मुदत न देता खोली रिकामी करायची.

"अंगठा देवाना आगोदर ह्या दोन्ही इचार," ते म्हणाले.

"त्यासना घरना गूळ खादा शे. आते कसं इचारू?" सौदा ठरल्याचा मालकाकडचा गूळ खाल्ल्यावर शंका काढायची तिला लाज वाटली. मालक मूळ कागद घेऊन आला तेव्हा तिने त्यावर अंगठा दिला.

आठ महिन्यांनी ती शिवणयंत्र हातगाडीवर घालून आली आणि तीच नक्कल पुढे धरली.

"चौथं कलम परत वाचा, मास्तर. आते इचारसू."