ऑपरेशन थिएटरचं बंद दार

"त्या नर्सचं नाव लिहा! फळ्यावर, मोठ्या अक्षरांत!"

आमचे बडे सर्जन असे गरजले की इस्पितळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट लासलगावला कांद्याच्या ढिगावर जाऊन बसली. मी पाहिलं नाही, पण पैज लावायला तयार आहे.

पिंपळगावकडची एक बाळंतीण रक्तस्रावानं गेली होती. महिनाअखेरीला सगळे डॉक्टर बसून त्या महिन्यातल्या मृत्यूंचा विचार करत. केसपेपरवरून हकीकत मांडायची ती मी, नवा हाउस सर्जन. नर्स विधवा, पदरात दोन पोरं. फळ्यावर नाव गेलं की नोकरी गेली, हे भिंतींनाही ठाऊक होतं.

बैठकीआधी मी केसपेपर पसरले. नाडी प्रत्येक नोंदीला चढत गेलेली, शेवटी दोऱ्यासारखी बारीक. नर्सनं पोट चोळत गर्भाशय दाबून धरलं होतं, पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या, शिपायाबरोबर डॉक्टरला निरोप धाडला होता. निरोप निघाल्याची वेळ होती. पोचल्याची कुठंच नव्हती.

शिपायाला विचारलं.

"पोचलो की साहेब. थिएटरच्या दाराशी उभाच व्हतो. आत काम चालू असलं की दार वाजवायचं नाय ना!"

नियम बड्या साहेबांचाच. जखमेत घाण जाऊ नये म्हणून केलेला, आणि चांगलाच. आत साहेब एका हर्नियाच्या ऑपरेशनात गुंतलेले, मी जखम उघडी ठेवणारे आकडे धरून उभा. रक्त थांबवणारं इंजेक्शनही आतल्याच कपाटात. नर्स दोन वॉर्डांना एकटी. पोटावरचा हात काढून धावली असती, तर बाई वाटेतच गेली असती.

बैठकीत मी वाघासारखा उभा राहिलो, असं मी नातवंडांना सांगतो. खरं तर साहेबांकडे पाठ करून फळ्यालाच चिकटलो होतो. फळ्यावर नाव लिहिलंच नाही. निरोप गेला ती वाट रेखाटली: वॉर्ड, व्हरांडा, बंद दार.

"अहो, पण चूक कोणाची?" साहेब.

"साहेब, त्या पलंगापाशी एकटे तुम्ही असता तर?"

"मी दार फोडलं असतं!"

"तुम्ही फोडलं असतं. शिपायानं फोडलं असतं तर?"

साहेबांनी फळ्यावरच्या बंद दारावर बोट ठेवलं. मग बसल्या आवाजात म्हणाले, "त्याला मी त्याच दिवशी काढला असता." आणि लिहून घ्यायला सांगितलं: दाराला घंटा, इंजेक्शन वॉर्डात, तिथं आणखी एक नर्स.

मी उड्या मारतच वॉर्डात गेलो. नर्स त्याच पलंगावर नवी चादर घालत होती.

"सिस्टर, तुमचं नाव कुठंच आलं नाही! दाराला घंटा बसणार!"

चादरीचा कोपरा खोचत ती म्हणाली, "बसली की सांगा."