अक्कलदाढेचं वय

माझ्या रिपोर्टात 'बहुधा' हा शब्द कधी नसायचा, आणि त्याचा मला फार माज होता. पिंपरीच्या एका सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून माझी हयात गेली. हाताखालच्या पोरींनी मोघम लिहिलं की मी फाडकन म्हणायचे, "अगं, डॉक्टर आहेस की ज्योतिषी? एक काय ते लिही."

चाकणकडच्या कुठल्याशा कंपनीतून तांब्याची केबल चोरताना एक पोरगा सापडला होता. पळताना त्यानं वॉचमनला ढकललं, म्हातारा पडला आणि प्रकरण वाढलं. आई म्हणत होती, सतरा. पोलीस म्हणत होते, एकोणीस. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही. आईबाप बीडकडून कामासाठी आलेले. म्हणून कोर्टानं त्याला वयाच्या तपासणीला आमच्याकडे पाठवलं. अठराच्या आत ठरला तर निरीक्षणगृह, वर ठरला तर मोठ्यांचा तुरुंग. तोवर होता तुरुंगातच.

खुर्चीवर बसायच्या आधीच त्यानं आ वासला. म्हटलं, "थांब रे बाबा, लाइट तर लावू दे."

अक्कलदाढ वर आली की माणूस अठराचा, असं लोक समजतात. ते काही खरं नाही. कुणाची लवकर येते, कुणाची कधीच येत नाही. आम्ही एक्स-रेत तिचं मूळ बघतो. वाढत्या वयात मुळाचं खालचं टोक उघडं असतं, पुढे ते बंद होतं. उघडं दिसलं तर पोरगं बहुतेक अठराच्या आतलं. बंद दिसलं तर बहुतेक वरचं, पण नक्की नव्हे. काहींचं सतराव्या वर्षीही बंद झालेलं असतं. हे सगळं मीच शिकाऊ पोरींना शिकवायचे.

याची टोकं बंद होती. बाहेर ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेलेली. हवालदार म्हणाला, "मॅडम, ठाम लिहा. नाहीतर पुन्हा हेलपाटा." मी लिहिलं, वय अठरा वर्षे पूर्ण. हाडांच्या डॉक्टरनं सतरा ते एकोणीस असं लिहिलं होतं. ते वाचून मी हसलेसुद्धा. दोघांच्या मतात माझंच तेवढं ठाम, तेव्हा कोर्ट कशावर भिस्त ठेवणार हे उघड होतं.

त्याच आठवड्यात माझ्या लेकाच्या दातांच्या तारा काढल्या. बारावीतला पोरगा, अठरा पूर्ण व्हायला दिवाळी उजाडायची होती. ताथवड्याच्या डॉक्टरनं दिलेला एक्स-रे त्यानं जेवणाच्या टेबलावर टाकला. मी सवयीनं खिडकीशी धरला. खालच्या दोन्ही अक्कलदाढांची टोकं बंद. अगदी त्या पोरासारखी.

"काय गं आई, किडलीय का?"

"नाही," म्हटलं, "छान आहेत." आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. माझ्या पोराला पोलिसांनी आणलं असतं तर मी त्यालाही अठरा लिहून मोकळी झाले असते. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गेलंय ते गेलंय. कशाला स्वतःची शोभा करून घेताय?" खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. तरी कोर्टाला पत्र लिहिलं. साक्षीला बोलावणं आलं. सरकारी वकिलानं विचारलं, "मॅडम, तीन आठवड्यांत मत बदललं. दाढ बदलली का?" मागच्या बाकांवर लोक हसले. मी म्हटलं, "दाढ तीच आहे. एवढ्यावरून वय अठराच्या वर आहे असं मी सांगू शकत नाही. तेव्हाही सांगायला नको होतं."

शंका राहिली की तिचा फायदा पोराला मिळतो. कोर्टानं त्याला अठराच्या आतला धरला आणि निरीक्षणगृहात पाठवायला सांगितलं. त्याचं खरं वय मला आजही ठाऊक नाही.

बाहेर व्हरांड्यात त्याची आई आली आणि थेट माझ्या पायांशी वाकली. "बाई, तुमच्यामुळं लेकरू वाचलं." तीन आठवडे ते कुणामुळं आत होतं, हे तिला सांगायला माझी जीभ उचलेना. तिनं हवालदाराजवळ उभ्या असलेल्या पोराला खुणावलं, "बाईंच्या पाया पड की."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. भुवईवर एक नवी जखम होती, टाके घातलेली. मी दोन पावलं जवळ गेले, तशी त्यानं मान मागे टाकली आणि तोंड उघडलं.

"मिट, बाळा," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसावं, तो तसाच उभा राहिला.