वाटीच्या मागचा नंबर

करोल बागेतल्या हॉलमार्किंग सेंटरमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. माझं सासर गलाईवाल्यांचं. सोनं गाळायच्या धंद्यासाठी सासरे सांगली जिल्ह्यातून दिल्लीत आले आणि इथलेच झाले. त्यामुळे सोन्याशी माझी ओळख होती, पण शिक्क्यांची नव्हती. ती सेंटरमध्ये झाली. दिवसभर भिंग डोळ्याला लावून दागिन्यावरची अक्षरं तपासायची, एवढंच माझं काम.

जुन्या दागिन्यांवर पाच खुणा असत. सरकारी त्रिकोण, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचं अक्षर आणि सराफाचं स्वतःचं चिन्ह. सराफ ओळखीचा असेल, तर ते चिन्ह पाहूनच दुकान कळायचं. आता तीनच राहिल्या आहेत. त्रिकोण, त्याच्या शेजारी बावीस कॅरेटसाठी २२के९१६, आणि मग इंग्रजी अक्षरं व आकडे मिळून सहा जागांचा एक नंबर. तो प्रत्येक दागिन्याचा वेगळा. सराफाचं चिन्ह दागिन्यावर नसतं, ते या नंबरातून शोधायचं.

एका दुपारी एक हवालदार आला. दिल्लीच्या वेशीजवळच्या, कालव्याकाठच्या एका ठाण्याचा. वयाने माझ्याहून मोठा, बूट चिखलाने भरलेले. शेजारच्या सराफाने त्याला आमच्याकडे पाठवलं होतं. त्याने मोबाइल पुढे केला आणि फोटो दाखवला. काळ्या मण्यांत ओवलेल्या दोन वाट्या, पांढऱ्या कापडावर मागची बाजू वर करून ठेवलेल्या. एका वाटीच्या मागे शिक्का होता.

कालव्यात एका बाईचं प्रेत सापडलं होतं. वय पंचवीस-तीस. अंगावर साडी, हातात काचेच्या बांगड्या आणि गळ्यात हे. दागिना सीलबंद करून ठाण्यात जमा झाला होता, म्हणून त्याच्याकडे फक्त फोटो. सराफाने त्याला सांगितलं होतं, अशा वाट्या महाराष्ट्रातल्या बायका घालतात. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. माझ्याही तशाच होत्या.

त्याने आधी विचारलं, "असली है क्या, मॅडम?"

मी म्हटलं, फोटोवरून ते कुणीच सांगू शकत नाही. शिक्का काय दावा करतो एवढंच फोटोत दिसतं. खोटा शिक्काही मारणारे असतात. खरं सोनं मशीनवर ठेवल्याशिवाय कळत नाही. पण नंबर खरा असेल तर तो कुठून निघाला ते कळेल.

नंबर त्याने सरकारी ॲपमध्ये घालून पाहिला होता. काहीच आलं नव्हतं, म्हणून शिक्का नकली असावा, असं त्याला वाटत होतं. मी फोटो मोठा केला. त्रिकोण नीट होता, २२के९१६ही नीट. नंबराची पहिली चार आणि शेवटची जागा स्पष्ट होती. पाचव्या जागी त्याने इंग्रजी बी वाचला होता. मला तो बी वाटेना. नंबर लेझरने कोरलेला असतो, त्याची रेघ केसाएवढी बारीक असते आणि तीत गाळ बसला होता. बाजूला एक ओरखडा होता, त्यामुळे डावी बाजू सरळ भासत होती. फोटोही मेसेजमधून आलेला, मोठा केला की अक्षरं विरून जात होती.

मी त्याला दुसरा फोटो मागितला. वाटी घासायची नाही, फक्त टॉर्च एका बाजूने तिरपा धरायचा, म्हणजे रेघेची सावली पडते. आणि मूळ फोटो आणायचा, पाठवलेला नाही.

तो म्हणाला, उद्यापर्यंतच वेळ आहे. ओळख पटली नाही तर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार करावे लागतील.

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. नव्या फोटोत पाचवी जागा स्वच्छ दिसली. दोन्ही बाजू गोल होत्या. तो आठचा आकडा होता. मी नंबर माझ्या फोनवर घातला. सोलापूरच्या एका सराफाचं नाव आलं, तिथल्या तपासणी केंद्राचं नाव, मार्किंगची तारीख, शुद्धता ९१६, आणि दागिन्याचा प्रकार: मंगळसूत्र. फोटोतल्या वस्तूशी सगळं जुळत होतं.

हवालदाराने टोपी काढली. मला मात्र बरं वाटलं नाही. नंबर खोटा निघाला असता तर ती माझ्यासाठी अनोळखीच राहिली असती.

ॲपमध्ये गिऱ्हाइकाचं नाव नसतं, ते सराफाच्या बिलावर असतं. हवालदाराने सोलापूरला फोन लावला, पण त्याची हिंदी आणि त्या सराफाची हिंदी जुळेना. शेवटी त्याने फोन माझ्याकडे दिला. सराफाने आधी ठाण्याच्या नंबरवर उलटा फोन करून खात्री केली, मगच बिलं काढली. बिल मुलीच्या वडिलांच्या नावावर होतं. लग्नाची खरेदी. मुलगी पानिपतला दिली, जावई तिथल्या चादरींच्या कारखान्यात, हेही त्याला आठवत होतं. त्याने वडिलांचा नंबर दिला.

हवालदार म्हणाला, "मॅडम, आप ही बात कर लो. आपकी भाषा है."

मी नाही म्हणायला हवं होतं. ते माझं काम नव्हतं. पण हिंदीतून ही गोष्ट त्या माणसावर आदळेल, हे मला बघवेना. मी फोन केला. दिल्लीहून बोलतेय, असं सांगितलं. पलीकडून लगेच विचारलं, "पोरीचं काही कळलं का?"

म्हणजे ती हरवल्याचं त्यांना ठाऊक होतं. ती सहा दिवसांपासून बेपत्ता होती. जावयाने पानिपतला तक्रारही दिली होती. कालव्याचं पाणी तिला दुसऱ्या राज्याच्या हद्दीत घेऊन आलं होतं.

मी म्हटलं, "काका, तिचं मंगळसूत्र सापडलंय."

"सापडलं? मग ती कुठंय?"

मी हवालदाराकडे पाहिलं.

ते हळू म्हणाले, "ती काढून ठेवणारी नाही, ताई. अंघोळीलासुद्धा काढत नाही."

मी विचारलं, "तुमच्याजवळ घरात कुणी आहे का?"

फोन जमिनीवर ठेवल्यासारखा आवाज आला. मग एक बाई बोलू लागली, आणि मी फोन हवालदाराच्या हातात देऊन आत गेले. त्या दिवशी मी एकही दागिना तपासला नाही.

संध्याकाळी जावयाने येऊन ओळख पटवली. वडील दुसऱ्या दिवशी पोचले. ती पाण्यात पडली, उतरली की आणखी काही, ते कधीच ठरलं नाही. हवालदार एवढंच म्हणाला की अंगावर मार नव्हता. मी जास्त विचारलं नाही. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या वाट्या हातात घेऊन बघितल्या आणि सोडून दिल्या.

बऱ्याच महिन्यांनी तिचे वडील हवालदाराकडून पत्ता घेऊन सेंटरमध्ये आले. दागिना ताब्यात मिळाला होता. पांढरा सदरा, खांद्यावर कापडी पिशवी, माझ्या कल्पनेपेक्षा बुटका माणूस. मी खुर्ची दिली. त्यांनी पुडी सोडून वाट्या टेबलावर ठेवल्या.

"तुम्ही माझ्यापर्यंत कशा पोचलात ते दाखवा," ते म्हणाले. "हिच्यात पोरीचं नाव कोरलंय का?"

"नाही काका. नाव नसतं."

मी वाटी भिंगाखाली धरली आणि त्यांना डोळा लावायला सांगितलं. त्रिकोण दाखवला, शुद्धतेचा आकडा दाखवला, मग नंबर एकेक करून वाचून दाखवला. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. या नंबरावरून दुकान कळलं आणि त्या दुकानातल्या बिलावर तुमचं नाव, असं मी सांगितलं.

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, ते गल्लीतल्या सोनाराकडून बिनबिलाचं घेणार होते. पोरगी ऐकेना. बी.कॉम. झालेली होती. शिक्क्याचंच घ्यायचं आणि पक्कं बिल घ्यायचं, म्हणून दुकानात हटून बसली. ते तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडले होते.

"लई बोललो तिला," ते म्हणाले.

सोनं खरं बावीस कॅरेटचं आहे का, तेही त्यांना बघायचं होतं. मी वाटी मशीनवर ठेवली. आकडा ९१.७ टक्के आला, ९१६च्या शिक्क्याला ९१.६ पुरतात. बरोबर आहे, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. चहा नको म्हणाले, पुडी पिशवीत ठेवली आणि मेट्रो कोणत्या बाजूला ते विचारून निघून गेले.